सेल्स ऑफिसर निवडताना टार्गेटला गुण कसे द्यावेत: पहिल्यांदा भरती करणाऱ्यांसाठी

सांगली भागातल्या एका मसाले आणि लोणच्याच्या छोट्या कंपनीत मी विक्रीचं काम पाहतो. वाणसामानाच्या दुकानांत माल पोहोचवणारे सेल्स ऑफिसर निवडणं हा त्या कामाचा भाग. पहिल्या दोन भरत्यांमध्ये मी बायोडेटावरच्या कौशल्यांच्या यादीला निम्मे गुण दिले होते. 'चॅनल मॅनेजमेंट', 'टीम लीडरशिप', 'निगोशिएशन' असं ज्याच्याकडे जास्त लिहिलेलं, तो वर. दोन्ही माणसं वर्षाच्या आत गेली आणि त्यांच्या मागे डिस्ट्रिब्यूटरच्या गोदामात पडून राहिलेला माल मला परत घ्यावा लागला.

त्यानंतर मी टार्गेटकडे वळलो. तिथेही सुरुवातीला फसलो, कारण '११८ टक्के अचीव्हमेंट' या आकड्याच्या पोटात काय आहे हे मी विचारतच नव्हतो. आज मी जी पद्धत वापरतो ती खाली क्रमाने देतो. ही पद्धत एका भागात किमान वर्षभर काम केलेल्या माणसासाठी आहे. नवख्या उमेदवाराला ती लावू नका, त्याच्याकडे मोजायला काही नसतं.

आधी हाताशी काय हवं

- उमेदवाराकडून: मागच्या १२ महिन्यांचा महिनावार तक्ता (टार्गेट, प्रायमरी, सेकंडरी), आणि त्याच भागाची त्याआधीच्या वर्षाची सेकंडरी
- इन्सेंटिव्ह दिसणाऱ्या पगाराच्या स्लिपा. वर्ष पूर्ण झालं असेल तर फॉर्म १६
- नोकरीच्या तारखांसाठी पीएफची सर्व्हिस हिस्टरी किंवा अनुभवपत्र
- तुमच्याकडून: ज्या भागासाठी माणूस हवा त्या भागाची माहिती (किती डिस्ट्रिब्यूटर, किती दुकानं, महिन्याची विक्री) आणि एक साधी एक्सेल शीट

१. कोणती विक्री मोजायची ते आधी ठरवा

कंपनीने डिस्ट्रिब्यूटरला बिल केलं की ती प्रायमरी. डिस्ट्रिब्यूटरने दुकानदाराला माल दिला की ती सेकंडरी. बहुतेक बायोडेटांमध्ये नुसतं 'टार्गेट' लिहिलेलं असतं आणि ते सहसा प्रायमरीचं निघतं, कारण महिनाअखेर फोन करून, स्कीमचं गाजर दाखवून, 'पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू' म्हणून प्रायमरी वाढवता येते. दुकानातून माल उठल्याशिवाय सेकंडरी वाढत नाही. म्हणून मी गुण सेकंडरीला देतो आणि प्रायमरी फक्त पडताळणीसाठी मागतो.

पडताळणी सोपी आहे. डिस्ट्रिब्यूटरकडचा सुरुवातीचा साठा, अधिक प्रायमरी, वजा सेकंडरी, वजा परत गेलेला माल, म्हणजे शेवटचा साठा. तीन महिने सलग प्रायमरी सेकंडरीपेक्षा बरीच जास्त असेल तर माल कोंबला गेला आहे. मार्चमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि एप्रिलची प्रायमरी धाडकन पडलेली दिसली की शंका उरत नाही. म्हणून जानेवारी ते मार्चचा तक्ता कोणी दिला तर एप्रिल-मेही मागून घ्या.

२. बायोडेटा उघडण्यापूर्वी गुणांची वाटणी लिहून ठेवा

मी वापरतो ती वाटणी अशी:

- सेकंडरी टार्गेटची १२ महिन्यांची एकूण टक्केवारी: ३०
- त्याच भागात मागच्या वर्षापेक्षा वाढ: २०
- ९० टक्के किंवा अधिक गाठलेल्या महिन्यांची संख्या: १५
- आपल्या भागाशी आणि बाजाराशी जुळणी: २०
- कौशल्यं: १५

पहिले तीन मिळून ६५ होतात. या ६५ ला मी शेवटी पुराव्याच्या गुणकाने गुणतो, त्याबद्दल पाचव्या पायरीत. वाटणी आधी लिहून ठेवायचं कारण असं, की एखादा छान बोलणारा उमेदवार समोर बसून गेला की 'याच्यासाठी कौशल्याला थोडं जास्त देऊ' असा मोह होतो. माझ्या मालकांना झाला, मलाही झाला.

३. टक्के मोजताना रुपये आधी जोडा

ही चूक इतकी सर्रास होते की तिला वेगळी जागा देतो. उमेदवार महिनावार टक्के देतो आणि आपण त्यांची सरासरी काढतो. समजा एका महिन्यात टार्गेट २ लाखांचं होतं आणि विक्री ३ लाखांची, म्हणजे १५० टक्के. दुसऱ्या महिन्यात टार्गेट १० लाखांचं आणि विक्री ७ लाखांची, म्हणजे ७० टक्के. टक्क्यांची सरासरी ११० येते. पण प्रत्यक्षात १२ लाखांच्या टार्गेटवर १० लाख विकले गेले, म्हणजे जेमतेम ८३ टक्के. म्हणून टक्के मागूच नका. रुपये मागा, बेरीज करा आणि शेवटी एकदाच भागा.

बेरजेवरून गुण असे: ११० किंवा वर असेल तर ३०, १०० ते ११० च्या आत २६, ९० ते १०० च्या आत २०, ८० ते ९० च्या आत १२, त्याखाली ५.

उमेदवार दीर्घ रजेवर होता किंवा मध्येच त्याचा भाग बदलला, तर ते महिने टार्गेट आणि विक्री दोन्हींतून काढा. एक बाहेरची गोष्टही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, नमकीन, लोणची, साबण अशा बऱ्याच मालावरचा जीएसटी कमी होऊन ५ टक्क्यांवर आला. घोषणा त्या महिन्याच्या सुरुवातीलाच झाली होती, त्यामुळे मधल्या दिवसांत व्यापाऱ्यांनी जुन्या दराचा माल उचलायचं थांबवलं होतं. त्या सप्टेंबरचा आकडा खाली दिसला म्हणून माणसाला दोष देऊ नका. ऑक्टोबरची विक्री सोबत धरा आणि दोन महिने एकत्र पाहा.

४. टार्गेटशेजारी वाढ ठेवा

टार्गेट कुणीतरी ठरवलेलं असतं. मागच्या वर्षी ६० लाख विकलेल्या भागाला ५० लाखांचं टार्गेट दिलं आणि माणसाने ५५ लाख विकले, तर कागदावर ११० टक्के आणि बाजारात घसरण. उलट, एखादी कंपनी दरवर्षी मुद्दाम चढं टार्गेट देते आणि तिथला चांगला माणूसही शंभरी गाठत नाही. ९६ टक्के आणि ११८ टक्के यांत कोण पुढे, हे टार्गेटवरून ठरतच नाही. त्याच भागाची, त्याच महिन्यांची मागच्या वर्षाची सेकंडरी शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं.

वाढ २० टक्के किंवा अधिक असेल तर २० गुण, १० ते २० च्या आत १५, ० ते १० च्या आत ८, घट असेल तर शून्य. आकडा मिळाला की लगेच विचारा, 'ही वाढ आली कुठून?' नवीन डिस्ट्रिब्यूटर नेमला, नवीन गावं बीटमध्ये घेतली, जुन्याच दुकानांत आणखी पॅक ठेवले, की नुसती दरवाढ झाली? ज्याने काम केलं आहे तो गावांची नावं घेऊन सांगतो, कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी भरतो तेही सांगतो. ज्याने केलेलं नाही तो 'मार्केट डेव्हलपमेंट केलं' म्हणतो.

९० टक्क्यांच्या वरच्या महिन्यांचं गणित थोडक्यात: १० किंवा अधिक महिने असतील तर १५, ७ ते ९ असतील तर १०, ४ ते ६ असतील तर ५, त्याखाली शून्य. मसाल्याच्या धंद्यात उन्हाळ्यात, तिखट-मसाला करायच्या दिवसांत, विक्री आपोआप उसळते. वर्षाचा आकडा त्या दोन महिन्यांनीच भरला का, हे इथे कळतं.

५. पुरावा किती, तितकेच गुण

६५ पैकी आलेले गुण मी पुराव्याप्रमाणे गुणतो:

- कंपनीच्या ॲपवरचा किंवा रिपोर्टमधला महिनावार आकडा पाहिला आणि तो दुसऱ्या एका ठिकाणाहूनही जुळला: १.०
- अर्धवट पुरावा, म्हणजे काही महिन्यांचेच मेल किंवा फक्त इन्सेंटिव्हच्या स्लिपा: ०.७
- नुसतं तोंडी: ०.४

शीटमध्ये पहिले तीन गुण B, C, D मध्ये, गुणक E मध्ये, जुळणी F मध्ये आणि कौशल्य G मध्ये भरा:

```
=(B2+C2+D2)*E2+F2+G2
```

दुसरं ठिकाण म्हणून इन्सेंटिव्ह उपयोगी पडतं. वर्षात दहा महिने टार्गेट केलं म्हणणाऱ्याच्या स्लिपांत इन्सेंटिव्ह तीनच महिने दिसत असेल तर विचारायला हवं. पण लगेच खोटं ठरवू नका. काही कंपन्या इन्सेंटिव्ह तिमाहीला देतात, काही ठिकाणी उधारी वसूल झाली नाही किंवा ठरावीक नवा माल विकला नाही तर तो थांबतो. नियम विचारा, मग जुळवा.

पीएफच्या नोंदीतला एक घोळ सांगतो, कारण त्यापायी मी एका चांगल्या मुलाला परत पाठवला होता. मोठ्या कंपन्यांचे कितीतरी सेल्स ऑफिसर आणि सेल्समन मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर असतात. त्यांच्या पीएफवर आणि स्लिपवर त्या एजन्सीचं नाव येतं, ज्या कंपनीचा माल विकला तिचं येत नाही. ही फसवणूक नसते. नेमणुकीचं पत्र किंवा कंपनीच्या मॅनेजरचे जुने मेल पाहिले की उलगडा होतो.

डिस्ट्रिब्यूटरशी बोलणं हा सगळ्यात खरा पुरावा. त्यात दोन पथ्यं पाळा. उमेदवाराला विचारल्याशिवाय फोन करू नका, आणि तो सध्या जिथे आहे तिथल्या मॅनेजरला तर मुळीच नको, त्याची चालू नोकरी जाईल. आधीच्या भागातला डिस्ट्रिब्यूटर चालतो. 'माणूस कसा होता?' असं विचारलं की सगळे 'चांगला होता' म्हणतात. त्यापेक्षा हे विचारा: महिनाअखेर तुमच्याकडे किती दिवसांचा माल उरायचा? स्कीमचे आणि खराब मालाचे क्लेम किती अडकले होते? तो गेल्यावर माल परत द्यावा लागला का? एकदा एका जुन्या डिस्ट्रिब्यूटरने मला सांगितलं, 'साहेब, पोरगा गोड बोलायचा, पण त्याच्या मार्चचा माल मी जूनपर्यंत विकत बसलो होतो.' मला हवं ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

आणि एक गोष्ट करू नका. उमेदवाराकडून आधीच्या कंपनीची दुकानांची यादी, दर किंवा स्कीमची पत्रकं घेऊ नका. त्याने मुलाखतीत स्वतःच्या फोनवर आकडे दाखवले, दुकानांची नावं झाकली, तुम्ही नुसतं पाहून आकडा टिपला, एवढं पुरे. प्रत दिली नाही म्हणून गुणक कमी करू नका. जो आज त्यांची यादी तुम्हाला देतो, तो उद्या तुमची यादी दुसऱ्याला देईल.

६. जुळणी आणि कौशल्यं

जुळणीचे २० मी तीन भागांत देतो: दुकानांचा प्रकार ८, डिस्ट्रिब्यूटरचा आवाका ६, भाग आणि भाषा ६. शहरातल्या मोठ्या डिस्ट्रिब्यूटरकडे पाच सेल्समन, संगणकावर बिलिंग, ऑर्डर ॲपवर. आमच्याकडे एकच डिलिव्हरी टेम्पो आणि डिस्ट्रिब्यूटर स्वतः गल्ल्यावर. पहिल्या ठिकाणी उत्तम चाललेला माणूस दुसऱ्या ठिकाणी अडखळतो, कारण इथे सेल्समनचं कामही त्यालाच करावं लागतं. जत तालुक्यात बऱ्याच गावांत कन्नड चालतं, तिथे दुकानदाराशी कानडीत दोन वाक्यं बोलणारा माणूस ऑर्डर लवकर घेऊन येतो.

कौशल्यांचे १५ गुण यादी वाचून देऊ नका. वीस मिनिटांत तपासता येईल तेवढ्यालाच द्या. मी एका कागदावर डिस्ट्रिब्यूटरचा आजचा साठा आणि मागच्या तीन महिन्यांची आयटमवार सेकंडरी देतो, आणि पुढच्या महिन्याची ऑर्डर लिहायला सांगतो. जो आयटम पडून आहे त्याचीच पुन्हा ऑर्डर लावणारा इथे लगेच सापडतो. दुसऱ्या कागदावर एक खराब मालाचा क्लेम भरायला देतो. हे गुण शून्यावर आणू नका, कारण क्लेमचे कागद न जमणाऱ्या माणसामुळे डिस्ट्रिब्यूटरचे पैसे अडकतात आणि तो पुढचा माल घेत नाही.

७. एक भरती, पूर्ण हिशोबासह

मिरज, कवठेमहांकाळ, जत पट्ट्यासाठी आमच्याकडे शेवटी दोन उमेदवार उरले होते.

पहिला पुण्यातून, एका मोठ्या कंपनीतून आलेला. बायोडेट्यावर १४ कौशल्यं आणि ठळक अक्षरात '११८ टक्के अचीव्हमेंट'. तक्ता मागितला तेव्हा कळलं की ते जानेवारी ते मार्चच्या प्रायमरीचे होते: टार्गेट ७५ लाख, बिलिंग ८८.५ लाख. त्याच तिमाहीची सेकंडरी ६९ लाख, त्याच दराने मोजलेली. म्हणजे १९.५ लाखांचा माल डिस्ट्रिब्यूटरांकडे साठला. महिन्याला सुमारे २३ लाख विकणाऱ्या भागात हा जवळपास पंचवीस दिवसांचा जादा माल झाला. पूर्ण वर्षाचं सेकंडरी टार्गेट ३ कोटी, विक्री २.७६ कोटी, म्हणजे ९२ टक्के: २० गुण. मागच्या वर्षी २.७० कोटी, वाढ २ टक्क्यांच्या आसपास: ८. नव्वदीच्या वरचे महिने सहा: ५. एकूण ३३. पुरावा अर्धवट होता, त्या तिमाहीचा कौतुकाचा मेल आणि काही स्लिपा, म्हणून ०.७. झाले २३.१. जुळणी ८, कौशल्यं १४. अंतिम गुण ४५.१.

दुसरा जवळच्याच तालुक्यातला, पापड-लोणच्याच्या लहान कंपनीत. बायोडेटा एका पानाचा, कौशल्यांच्या तीन ओळी, अचीव्हमेंट '९६ टक्के'. वर्षाचं टार्गेट ७२ लाख, सेकंडरी ६९.१२ लाख, म्हणजे खरोखर ९६: २० गुण. मागच्या वर्षी ५४ लाख, वाढ २८ टक्के: २०. नव्वदीच्या वरचे महिने नऊ: १०. एकूण ५०. सगळे रिपोर्ट त्याने फोनवर दाखवले आणि एका जुन्या डिस्ट्रिब्यूटरचं म्हणणं त्यांच्याशी जुळलं, म्हणून १.०. जुळणी १८. क्लेमचा कागद त्याला नीट जमला नाही, म्हणून कौशल्यं ६. अंतिम गुण ७४.

वाढीबद्दल विचारलं तर तो म्हणाला, 'सर, दोन नवीन पॉइंट उघडले. पहिले दोन महिने त्यांच्या टेम्पोत मीच बसायचो, नाहीतर त्यांना दुकानंच माहीत नव्हती.' नवीन डिस्ट्रिब्यूटर उघडला की पहिल्यांदा गोदाम भरायला जो माल जातो तो प्रायमरीत दिसतो. आपण सेकंडरी धरली होती, त्यामुळे त्याची ही वाढ दुकानांपर्यंत पोहोचलेली होती.

दोघांच्या टार्गेटच्या टक्केवारीला गुण सारखेच पडले, २० आणि २०. फरक पडला वाढ, महिने, पुरावा आणि भागाची जुळणी यांत. निव्वळ बायोडेट्यावरून पहिला नक्की निवडला गेला असता. आम्ही दुसऱ्याला घेतलं आणि रुजू झाल्यावर पहिला आठवडा त्याला क्लेमचं काम पाहणाऱ्या आमच्या लेखनिक बाईंच्या टेबलाशेजारी बसवलं.

८. शीट जपून ठेवा

माणूस रुजू झाला की शीट मिटवू नका. सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच ओळीत आपल्याकडची त्याची खरी सेकंडरी लिहा. चार-पाच भरत्या झाल्या की कुठले गुण खरे ठरले आणि कुठले फुकट गेले ते दिसू लागतं. मी जुळणीला आधी १० गुण देत होतो आणि कौशल्याला २५. शहरातून आलेले दोन चांगले आकड्यांचे लोक आमच्या पट्ट्यात टिकले नाहीत, हे शीटमध्ये शेजारी-शेजारी दिसलं तेव्हा जुळणीचे २० केले आणि कौशल्याचे १५. तुमचा माल दूध किंवा आइस्क्रीम असेल तर बारा महिन्यांपैकी कुठले महिने किती जड, ते तुमच्या स्वतःच्या मागच्या दोन वर्षांच्या विक्रीवरून ठरवा आणि चौथ्या पायरीतली महिन्यांची अट त्याप्रमाणे बदला.